शिफ्ट मीटिंगमध्ये बोलायचं भाषण फार कडक झालंय का? मसुदा खाली दिलाय

मायक्रॉन

मंडळी, चाकणला एका सीएनसी शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मागच्या आठवड्यात ग्राहकाकडून एक लॉट परत आला. स्टीलचा बुश आहे, बोअर ३२ एच७, म्हणजे आतलं भोक ३२.००० ते ३२.०२५ मिमीच्या आत हवं. परत आलेल्या २४० नगांत बरेचसे ३२.०३५ ते ३२.०४० निघाले. मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही, त्यामुळे माल सरळ भंगारात. वर ग्राहकाच्या गोदामात आमची दोन पोरं बसवून उरलेला स्टॉक एकेक नग मोजून द्यावा लागला.

प्लांट हेडनी सांगितलंय की सोमवारी दुपारी सव्वातीनला, पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी लागताना, दोन्ही शिफ्टसमोर मी बोलायचं. दहा मिनिटं. पंचवीसेक माणसं असतील. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, लोक डबा उचलून चालायला लागतील. तिखट कमी करायचंय, पण मुद्दा पातळ व्हायला नको. मसुदा असा:

"सगळ्यांना नमस्कार. गेल्या आठवड्यात आपल्या बेजबाबदारपणामुळे कंपनीची ग्राहकासमोर नाचक्की झाली. फर्स्ट पीस चेक न करताच रजिस्टर भरलेलं आहे, ही सरळ सरळ फसवणूक आहे. दर वेळी तेच तेच सांगावं लागतं. आपल्याला गेज वापरता येत नाही का? की डोळे मिटून मशीन चालवता? सेकंड शिफ्टने तर कहर केला आहे. यापुढे असे घडल्यास कडक कारवाई करण्यात येईल. तरी सर्वांनी गुणवत्तेकडे लक्ष द्यावे."

---

खवचट_खानावळ

सुरुवात 'नमस्कार', शेवट 'लक्ष द्यावे'. मधला भाग सोडला तर पाणीपट्टी भरण्याची दवंडीच आहे ही.

---

सुलभा_ठाणे

सोपं आहे हो. आधी कौतुक, मध्ये टीका, शेवटी परत कौतुक. आम्हाला बँकेत ट्रेनिंगला हेच शिकवलं होतं आणि मी शाखेत वर्षानुवर्षं वापरलं. "तुम्ही सगळे फार मेहनती आहात, गेल्या महिन्यात आपण टार्गेट पूर्ण केलं, पण या लॉटमध्ये जरा चूक झाली, तरी मला खात्री आहे की तुम्ही सुधाराल." कोणी दुखावत नाही.

---

शिरोलीचा_ऑपरेटर

सुलभाताई, रागावू नका. बारा-पंधरा वर्षं मशीनवर होतो, आता स्वतःचं छोटं शॉप आहे. साहेब उठून कौतुक करायला लागले की आम्ही एकमेकांकडे बघायचो, आज कोणाचा नंबर म्हणून. 'पण' येईपर्यंत कोणी ऐकतच नसायचं. आणि एकदा सवय लागली की खरं कौतुक केलं तरी पोटात गोळा यायचा.

मायक्रॉनभाऊ, दुसरं बघा. 'सेकंड शिफ्ट' म्हणालात. त्या मशीनवर त्या शिफ्टला किती माणसं होती? दोन? तीन? म्हणजे नाव न घेता नाव घेतलंत. पंचवीस जण मान वळवून त्या दोघांकडे बघणार. पुढचं तुमचं सगळं बोलणं ते दोघं काय तोंड करून उभे आहेत यावरच जाणार.

---

टाचणी

मला हा गोडवा कळत नाही. २४० नग भंगारात गेले आणि आपण चर्चा कसली करतोय, तर शब्द मऊ कसे करायचे! रजिस्टरमध्ये खोटी नोंद आहे. तिला खोटी नोंदच म्हणायचं. मऊ बोललं की लोक समजतात, चालतंय.

---

लेथवाला_काका

भोसरी, पिंपरी धरून पस्तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, आता घरी नातवाला सांभाळतो. सवडीने लिहितो.

मायक्रॉन, मऊ की कडक हे नंतर बघू. तुझ्या मसुद्यात तू स्वतः मोजलेली, डोळ्यांनी बघितलेली गोष्ट कुठे आहे ते आधी शोध. बोअर ३२.०४ आला हे तू मोजलंस, आणि नेमका तोच आकडा भाषणात नाही! जे आहे ते सगळं अंदाज आणि राग. 'बेजबाबदारपणा' हा अंदाज. 'फसवणूक' हा अंदाज, कदाचित खराही असेल. 'दर वेळी' हा राग. एकच प्रसंग शोधून कोणीतरी म्हणेल, "साहेब, दिवाळीच्या आधी तर आम्हीच लॉट थांबवला होता," आणि तुझे पुढचे पाच मिनिटं त्यातच जातील.

'डोळे मिटून चालवता का' हा प्रश्न नाही. उत्तर द्यायची सोयच नाही त्याला. पंचवीस माणसांत उत्तर देईल तो उद्धट ठरेल, गप्प बसेल तो कबूल झाला. असे दोन प्रश्न आहेत तुझ्याकडे, दोन्ही काढ. विचारायचं तर खरंच उत्तर हवं असेल ते विचार.

आता मला सांग:
बोअर मोठा का झाला? नुसता मोठा होत नाही. कापणारा इन्सर्ट झिजतो तसा बोअर लहान लहान होत जातो, मग ती झीज भरून काढायला ऑपरेटर मशीनच्या वेअर ऑफसेटमध्ये दोन दोन मायक्रॉन वाढवत जातो. नवा इन्सर्ट लावला आणि तो जमलेला ऑफसेट मागे घेतला नाही, तर पहिल्याच नगापासून बोअर मोठा. तसं झालंय का?
प्लग गेज होतं ना? नो-गो बरोबर बोअरमध्ये जायलाच नको, मोठ्यात जातो. मग तो आत गेलेला कोणाला कसा दिसला नाही?
आणि रजिस्टर खोटं आहे हे कशावरून?

ही उत्तरं नसतील तर मसुदा कितीही गोड कर, ती गोड शब्दांतली बोलणीच असतील.

---

मंगळवेढ्याची_मीना

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून विचारते. आमच्या बचत गटात एक बाई पापडाच्या पिठात मीठ दर खेपेला कमी-जास्त करते. ग्रुपवर लिहिलं तर तिने ग्रुपच सोडला. तुम्ही मेसेज कसा लिहिणार आहात तो इथे टाकाल का, म्हणजे मला कॉपी करता येईल.

---

खवचट_खानावळ

मीनाताई, ३२ एच७ चा मेसेज कॉपी कराल तर पापडाला भोक पडेल.

---

शिरोलीचा_ऑपरेटर

मीनाताई, हे समोर उभं राहून बोलायचं आहे, मेसेज नाही. तुमच्याकडे मीठ मोजायला एकच ठरलेलं माप आहे का? ते बघा आधी, आणि एकीचंच असेल तर तिला एकटीला भेटा. ग्रुपवर कशाला?

---

मानसी_वाचते

टाचणी, तुमचं म्हणणं निम्मं पटतं. यावर अभ्यास झालेला आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली फीडबॅकवरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की बोलणं ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून उडवून स्वतःवर नेतं, मी कसा आहे, माझी किंमत काय याच्यावर, तेव्हा परिणाम खालावतो. गंमत म्हणजे कौतुकही तेच करू शकतं. म्हणून सुलभाताईंचं 'तुम्ही फार मेहनती' आणि मायक्रॉनचं 'बेजबाबदार', दोन्ही माणसाबद्दल आहेत. बोअरबद्दल एकही नाही.

---

सुलभा_ठाणे

अगं पण बँकेत चालायचं. कदाचित आमच्याकडे एकेकट्याला केबिनमध्ये बोलवायचो म्हणून असेल. पंचवीस जणांसमोर नाही केलं कधी.

---

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत गाड्यांच्या पार्टच्याच कंपनीत आहे. आमचा फोरमन सकाळच्या मीटिंगमध्ये सरळ म्हणतो, हा पार्ट चुकलाय, या मापात चुकलाय, आज असं करायचं. ना राग, ना गोडवा, दोन मिनिटांत लोक कामाला. आपल्याकडेच भावनांचा फार बाऊ करतात.

---

लेथवाला_काका

श्टुटगार्टकर, तुमचा फोरमन तेच करतोय जे मी सांगतोय. तो माप बोलतो, माणूस बोलत नाही. फरक एवढाच की तुमच्याकडचा माणूस उलट उत्तर देऊ शकतो, त्याची नोकरी जात नाही. इथे निम्मी पोरं काँट्रॅक्टवर असतात. साहेब आवाज चढवून बोलले की त्यांच्या कानात गेट पासच वाजतो. क्वालिटीवाला डेमिंग म्हणायचा, आधी शॉपवरची भीती घालवा. त्याच्या चौदा मुद्द्यांत ते आहे, आणि भिंतीवरच्या घोषणा आणि उपदेश बंद करा हेही आहे. तुझं 'गुणवत्तेकडे लक्ष द्यावे' त्यात पहिलं जाईल, मायक्रॉन.

---

मायक्रॉन

काका, आज दिवसभर हेच केलं. सांगतो.

मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला चार नंबर मशीनवर इन्सर्ट बदलला. जुन्या इन्सर्टवर वेअर ऑफसेट वाढत वाढत २२ मायक्रॉनपर्यंत गेला होता. तो तसाच राहिला. तुम्ही म्हणालात तसंच.

रजिस्टरमध्ये त्या शिफ्टला दर तासाची नोंद आहे आणि प्रत्येक तासाला ३२.०१२. एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने. माझा राग त्याच्यावर होता.

पण एक गोष्ट निघाली. बोअर गेज एकच आहे आणि चार नंबर, सात नंबर दोघांना मिळून आहे. मंगळवारी ते सात नंबरला सेटिंग चालू होतं म्हणून तिकडे होतं. सात नंबर शेडच्या दुसऱ्या टोकाला. दुसरं गेज कॅलिब्रेशनला गेलंय, ते अजून आलेलं नाही. नो-गो का लावला नाही ते अजून कळलं नाही, ऑपरेटर काही बोलत नाही. नुसता 'चुकलं साहेब' म्हणतो.

---

टाचणी

म्हणजे गेज नव्हतं म्हणून न मोजता ३२.०१२ लिहायचं? इन्सर्ट झिजताना बोअर बदलतोच असं काकाच म्हणाले, मग आठ तास एकच आकडा येईल कसा? हे खोटंच आहे. सांगा सगळ्यांना.

---

लेथवाला_काका

टाचणीताई (की टाचणीराव), खोटं आहे, मान्य. पण त्या माणसाला ते आधी एकट्याला सांगायचं, मीटिंगच्या आधी, बसून. पंचवीस जणांसमोर पहिल्यांदा ऐकलं तर तो बचाव करेल किंवा दुसऱ्या दिवशी येणार नाही. सगळ्यांसमोर फक्त नियम सांगायचा: न मोजलेला आकडा लिहायचा नाही, ओळ रिकामी ठेवायची. रिकामी ओळ दिसली की क्वालिटीचा माणूस धावत येतो. भरलेली ओळ दिसली की तो चहाला जातो.

---

टाचणी

ताईच. आणि मला पटलेलं नाही. एकट्याला सांगितलं तर बाकीच्यांना कळणारच नाही की हे पकडलं जातं.

---

पडद्यामागे

राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं बसवतो, कारखान्याचं काही कळत नाही. पण रनथ्रूनंतर पंधरा दमलेल्या नटांसमोर उभं राहून चुका सांगणं हे माझं नेहमीचं काम. बोलण्याबद्दलच लिहितो.

मसुदा उभं राहून, मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना तुमचा स्वतःचा सूर तुम्हाला ऐकू येतो आणि तो सौम्यच असतो. 'घडल्यास', 'करण्यात येईल', 'लक्ष द्यावे' हे तोंडातून काढून बघा. चहाच्या टपरीवर असं कोण बोलतं? ते आलं की ऐकणाऱ्याला कळतं की साहेब वाचून दाखवताहेत आणि आता कान बंद केले तरी चालेल.

एका दमात न संपणारं वाक्य तोडा. लांब वाक्याच्या शेवटी दम संपतो, आवाज चिरका होतो, आणि चिरका आवाज चिडल्यासारखा वाटतो. शब्द मऊ असून उपयोग नाही.

आणि कुठे बोलणार आहात? मशीन चालू असतील तर ओरडावं लागेल. ओरडून म्हटलेलं 'कृपया' सुद्धा दटावणीच वाटते. जागा बदला, किंवा लोकांना जवळ घ्या. मी नटांना खाली बसवतो आणि स्वतःही बसतो.

---

मायक्रॉन

हे डोक्यातच आलं नव्हतं. सव्वातीनला कॉम्प्रेसर आणि अर्धी मशीन चालूच असतात. डिस्पॅचची शेड त्यातल्या त्यात शांत आहे, तिकडे घेता येईल.

नवीन मसुदा लिहिलाय. बघा:

"मित्रांनो, गेल्या आठवड्यात बुशच्या लॉटमध्ये थोडी अडचण आली. बोअरमध्ये जरा फरक आढळला. कोणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. आपण सगळ्यांनीच अजून थोडं लक्ष दिलं तर असे प्रसंग टाळता येतील. काही सूचना असतील तर जरूर सांगा."

---

टाचणी

घ्या! मी म्हटलं नव्हतं?

---

शिरोलीचा_ऑपरेटर

हे ऐकून मी मशीनवर जाऊन वेगळं काय करू? 'जरा फरक' म्हणजे किती? दोन मायक्रॉन की पंधरा? लॉट भंगारात गेलाय हे सगळ्या शेडला माहीत आहे, स्क्रॅपचे बिन दिसतात ना. तुम्ही 'थोडी अडचण' म्हणालात की पोरं म्हणतील साहेब काहीतरी लपवतायत. आणि 'आपण सगळ्यांनीच' म्हणजे कोणीच नाही. सहा नंबरवाला म्हणेल, माझा काय संबंध, मी तर शाफ्ट करतो.

---

मानसी_वाचते

आधीच्या मसुद्यात राग होता, यात माहितीच गेली. मऊ करायला हवं होतं ते माणसाबद्दलचं बोलणं. तुम्ही मापच मऊ केलंत.

---

लेथवाला_काका

बरोबर बोललात मानसी. मायक्रॉन, मी तुझ्या जागी असतो तर असा बोललो असतो. बोलायचं आहे म्हणून बोलल्यासारखंच लिहितो. एक खराब नग आणि प्लग गेज हातात घेऊन जा.

"बसा. पाच मिनिटं मी बोलतो, पाच मिनिटं तुम्ही.

हा आपला बुश. बोअर ३२.०२५ च्या आत पाहिजे. हा ३२.०४ आहे. घ्या, नो-गो घालून बघा, आत जातोय.

२४० नग परत आले, त्यातले बरेचसे असेच. सगळे भंगारात गेले.

मंगळवारी चार नंबरवर इन्सर्ट बदलला. जुन्या इन्सर्टचा ऑफसेट तसाच राहिला. पहिला नग गेजवर लागला असता तर तिथेच कळलं असतं. तो लागला नाही.

त्यातलं एक कारण आमच्याकडचं आहे. दोन मशीनला बोअर गेज एक. ते सात नंबरला होतं.

आजपासून इन्सर्ट बदलला की ऑफसेट मागे घ्यायचा, पहिला नग मुद्दाम लहान काढायचा, मोजायचा, मग साईज आणायची. लहान बोअर परत मारता येतो. गेज मिळालं नाही तर मशीन उभं ठेवा आणि मला बोलवा. आणि न मोजलेला आकडा लिहू नका. ओळ रिकामी राहू दे.

आता सांगा, यात काय जमणार नाही?"

बघ, यात गोड शब्द एकही नाही. 'मंगळवारी चार नंबरवर' म्हटलंय, 'सेकंड शिफ्टने' नाही. शिफ्ट सगळ्यांना कळेलच, ते टळणार नाही, पण दोष मशीनवर घडलेल्या गोष्टीला लावलाय. आकडे मात्र तसेच उघडे ठेवलेत. नग हातात गेला की 'साहेब उगाच बोलतायत' हे कोणी म्हणत नाही. आणि शेवटचा प्रश्न 'काय जमणार नाही' असा हवा. 'काही अडचण?' विचारलंस तर 'नाही साहेब' येईल आणि मीटिंग संपेल.

एकच अट. 'मशीन उभं ठेवा' हे प्लांट हेडला आधी विचारून मगच बोल.

---

शिरोलीचा_ऑपरेटर

काका, ती अट तुम्ही खाली लिहिलीत, मी ती सगळ्यात वर लिहिली असती. उत्पादनावर इन्सेंटिव्ह आहे का तिथे? असेल तर उभ्या मशीनचा वेळ त्या पोराच्या खिशातून जाणार. मग कितीही छान बोला, तो गेजची वाट बघणार नाही.

---

मायक्रॉन

आहे इन्सेंटिव्ह. नगांवर.

---

सुलभा_ठाणे

काकांचा मसुदा आवडला, पण कौतुकाचा एक शब्दही नाही हे खटकतं. कोरडं वाटतं.

---

पडद्यामागे

'आमच्याकडचं कारण' या वाक्यावर थांबा, ताई. साहेबाने सगळ्यांसमोर म्हटलेलं ते वाक्य लोकांना कौतुकापेक्षा जास्त लागतं. मात्र मायक्रॉन, ते घाईत उरकू नका. तिथे श्वास घ्या, समोर बघा. आणि लगेच 'पण' म्हणून पुढे पळू नका.

कागद घेऊन जा, पण त्यावर फक्त आकडे आणि करायचं काम. बाकी पाठ नको, चार वेळा मोठ्याने बोलून झालं की आपोआप बसतं.

---

श्टुटगार्टकर

मायक्रॉन, तुमच्याकडे हिंदी बोलणारी पोरंही असतील ना? दोन्ही भाषांत बोलणार?

---

मायक्रॉन

एक तृतीयांश तरी आहेत. काकांच्या मसुद्यातली वाक्यं छोटी आहेत, ती हिंदीत पटकन करता येतात. माझ्या पहिल्या मसुद्यातली 'नाचक्की' हिंदीत कशी सांगणार होतो देव जाणे.

---

खवचट_खानावळ

'नाक कट गई' म्हणालात तर निदान हसतील तरी.

---

मायक्रॉन

मीटिंग झाली, मंडळी. लिहायला उशीर झाला.

प्लांट हेडशी आधी बोललो. इन्सर्ट बदलल्यानंतर पहिल्या नगासाठी मशीन उभं राहिलं तर तो वेळ इन्सेंटिव्हमधून कापायचा नाही, एवढं मान्य झालं. बाकी वेळी गेजची वाट बघितली तर तो वेळ कापला जाणारच. त्यामुळे भाषणात मी 'पहिल्या नगाला' एवढंच म्हटलं, उगाच मोठं आश्वासन दिलं नाही. त्या ऑपरेटरला दुपारी एकट्याला भेटलो, रजिस्टर समोर ठेवलं, सोमवारी काय बोलणार आहे तेही सांगितलं.

डिस्पॅच शेडमध्ये सगळे खोक्यांवर बसले. नग फिरवला. दोघातिघांनी नो-गो घालून बघितला आणि तिथेच कुजबुज सुरू झाली. 'आमच्याकडचं कारण' म्हटलं तेव्हा सगळे गप्प. मग 'काय जमणार नाही' विचारलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मी बोलायला लागणार तेवढ्यात सात नंबरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, नग मशीनमधून गरम निघतो. गरम असताना नो-गो थोडा जातोच. थंड झाला की बसतो. म्हणून आम्ही नो-गोकडे बघतच नाही, गो गेला की पुढे."

चार-पाच जणांनी माना डोलावल्या. हे मला माहीतच नव्हतं.

---

लेथवाला_काका

निघालं बघ! अर्धं खरं आहे त्याचं. ३२ च्या बोअरला नग तीस डिग्री जास्त गरम असेल तर दहा-अकरा मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे काठावरचा नग गरम असताना नो-गो घेईल आणि थंड झाल्यावर नाकारेल. पण तुझे नग थंड असतानाही दहा ते पंधरा मायक्रॉनने बाहेर होते, ते थंड होऊन बसणारे नव्हते. हा हिशेब त्या पोरांना कोणी कधी सांगितला नसणार. गेजजवळ एक ट्रे ठेव, नग कुलंटमध्ये बुडवून, पुसून, थोडा निवू दे, मग प्लग लाव. आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव घेऊन पुढच्या मीटिंगमध्ये सांग की ट्रे त्याच्यामुळे आला. सुलभाताईंना हवं होतं ते कौतुक इथे बसेल.

---

सुलभा_ठाणे

आता कसं!

---

मानसी_वाचते

ट्रे ठीक, पण भाषणाचा उपयोग झाला की नाही हे कसं कळणार? मीटिंग छान झाली असं सगळ्यांनाच वाटतं.

---

लेथवाला_काका

रजिस्टर बघायचं. खरं मोजलं की आकडे हळूहळू खाली सरकताना दिसतात, ०१८, ०१६, ०१३, मग ऑफसेट दिला की वर, मग परत खाली. इन्सर्ट बदलला तिथे मुद्दाम लहान काढलेल्या नगाची नोंद दिसली पाहिजे, ३१.९८ वगैरे. मध्ये एखादी ओळ रिकामी असेल तर उत्तम. आणि परत ओळीने ०१२, ०१२, ०१२ आलं तर समज, तुझं बोलणं डिस्पॅच शेडमध्येच राहिलं.

---

मायक्रॉन

काल दोन रिकाम्या ओळी होत्या. चार नंबरला नाही, नऊ नंबरला. विचारलं तर गेज कॅलिब्रेशनहून आलेलं नाही म्हणून. आता परचेसच्या मागे लागलोय.

---

टाचणी

चांगलं आहे. माझा मुद्दा राहिलाच. त्या ३२.०१२ च्या पानावर ऑपरेटरच्या खाली सुपरवायझरचीही सही असेल ना? त्याला कोण एकट्याला भेटलं?

---

मायक्रॉन

सही आहे. अजून कोणी भेटलेलं नाही.